भाव सांगितल्यावर गिऱ्हाईक गप्प झालं, तर काय समजायचं?

मागच्या व्हिडिओखाली एकाच अर्थाचे बरेच प्रश्न आले होते. "रेट सांगितला की समोरचा गप्प बसतो, मग काय बोलायचं?" व्हिडिओत मी त्यावर दोन मिनिटं बोललो, पण विषय तेवढ्यात संपणारा नाही. म्हणून आज नीट लिहून देतोय. फक्त एवढ्याच शांततेबद्दल बोलू या, जी भाव सांगितल्यानंतर दुकानात पसरते. भाषणात पॉज कसा घ्यायचा वगैरे आज नाही.

आधी एक हिशेब बघा, म्हणजे ही शांतता एवढी टोचते का ते कळेल.

दोन माणसं बोलत असताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत किती वेळ जातो? 2009 मध्ये संशोधकांच्या एका गटाने जगातल्या दहा भाषांमधल्या खऱ्या गप्पांची रेकॉर्डिंग तपासली. त्यात जपानी, डॅनिश, इटालियन, कोरियन, इंग्रजी अशा भाषा होत्या. हो-नाही स्वरूपाच्या प्रश्नाला उत्तर यायला सरासरी साधारण 200 मिलिसेकंद लागत होते, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. पापणी लवायलासुद्धा जवळपास एवढाच वेळ लागतो. भाषेभाषेत फरक होता. जपानीत उत्तर जवळजवळ लगेच यायचं, तर डॅनिशमध्ये अर्ध्या सेकंदाच्या आसपास. पण सगळ्या भाषा अर्ध्या सेकंदाच्या आतच होत्या.

आता यातली गंमत बघा. साधा एक शब्द डोक्यात जुळवून तोंडातून काढायला माणसाला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. मग 200 मिलिसेकंदात उत्तर येतं कसं? कारण समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर तयार ठेवतो. त्याचं वाक्य कुठे संपणार याचा अंदाज घेऊन आपण दारात उभेच असतो. "चहा घेणार का?" म्हणायच्या आत "हो, चालेल" जिभेवर आलेलं असतं.

म्हणून एक पूर्ण सेकंद शांतता झाली की आपल्या कानाला ते लगेच जाणवतं. घड्याळात एक सेकंद म्हणजे काहीच नाही, पण बोलण्यात तो नेहमीच्या पाचपट झाला. आणि आपला मेंदू त्याचा एकच अर्थ काढतो, की समोरच्याला हे पसंत नाही.

हा अर्थ उगाच काढलेला नसतो. इंग्रजी बोलण्याच्या रेकॉर्डिंगवर 2015 मध्ये एक अभ्यास झाला, त्यात विनंती, आमंत्रण, देऊ केलेली वस्तू यांना मिळालेली उत्तरं मोजली होती. होकार पटकन येतात. गॅप पाऊण सेकंदाच्या पुढे गेला की नकार किंवा आढेवेढे यांचं प्रमाण वाढतं. आपल्याकडेही तसंच आहे ना? "उद्या येतोस का लग्नाला?" विचारल्यावर मित्र थांबला, मग "अं... बघतो रे" म्हणाला, तर तुम्ही त्याचं ताट मांडत नाही.

त्याहून महत्त्वाचा एक प्रयोग 2006 चा आहे. लोकांना रेकॉर्ड केलेले संवाद ऐकवले. एक माणूस काहीतरी विचारतो, दुसरा होकार देतो. होकाराचा आवाज तोच, शब्द तेच. बदलली फक्त मधली शांतता. कधी काहीच नाही, कधी 600 मिलिसेकंद, कधी 1200. मग ऐकणाऱ्यांना विचारलं, हा माणूस किती मनापासून हो म्हणतोय? शांतता वाढली तसे मार्क कमी होत गेले. नंतर 2011 मध्ये हेच इंग्रजी, इटालियन आणि जपानी भाषिकांवर करून बघितलं, तर तिन्हीकडे गॅप वाढला की मार्क उतरलेच.

म्हणजे समोरचा खरोखर "हो" म्हणाला तरी आधीच्या एका सेकंदामुळे आपल्याला तो अर्धवट "हो" वाटतो. दुकानदार हाच अर्थ पकडतो आणि घाबरतो. पण इथे थांबून एक प्रश्न विचारायचा. भाव ऐकून गप्प झालेलं गिऱ्हाईक आणि लग्नाला येतोस का विचारल्यावर गप्प झालेला मित्र, हे दोघं सारखे आहेत का?

भावाची शांतता वेगळी का असते

मित्राकडे उत्तर तयार असतं, त्याला फक्त ते गोड शब्दांत गुंडाळायचं असतं. गिऱ्हाइकाकडे उत्तर तयार नसतंच, कारण तुमचा आकडा ऐकेपर्यंत त्याला काहीच ठरवता येत नव्हतं. मी वर सांगितलं तसं दारात उभं राहून उत्तर तयार ठेवणं, ते इथे शक्यच नाही. आकडा कानावर पडल्यावर त्याचं काम सुरू होतं. पाकिटात किती आहेत, महिन्याचा हप्ता कधी जातो, शेजारच्या दुकानात काय सांगितलं होतं, घरी काय म्हणतील, तीनऐवजी दोनच घेतले तर काय होईल. हे सगळं 200 मिलिसेकंदात होत नाही. चार-पाच सेकंद तर सहज लागतात. नवरा-बायको बरोबर असतील तर त्यात एकमेकांकडे बघणंही आलं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की भावानंतरची पहिली काही सेकंदं ही नकार नसतात, कामाचा वेळ असतो. आपला कान मात्र ती रोजच्या गप्पांच्या मापाने मोजतो आणि फसतो. हे समजून घेतलंत तर पुढचं सगळं सोपं जाईल.

आता एक खरं उदाहरण बघू. माझ्या बॅचमध्ये एक ताई होत्या, घरूनच पडदे शिवून द्यायचं काम करतात. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन माप घेतात, कापडाचे नमुने दाखवतात, तिथेच भाव सांगतात. मी त्यांना म्हटलं, गिऱ्हाइकाची परवानगी घेऊन दोन-तीन वेळचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. ते रेकॉर्डिंग आम्ही बॅचमध्ये ऐकलं. फोनच्या रेकॉर्डरमध्ये आवाजाची रेघ दिसते बघा, शांतता असेल तिथे ती सपाट होते. त्यावरून सेकंद मोजता येतात.

पहिलं घर. तीन खिडक्या, प्रत्येक खिडकीला दोन, असे सहा पडदे. सात फुटी उंची, वर-खाली दुमड धरून एका पडद्याला अडीच मीटर कापड, म्हणजे एकूण 15 मीटर. 420 रुपये मीटरने 6,300. शिलाई 180 प्रमाणे सहा पडद्यांची 1,080. तीन रॉड ब्रॅकेटसकट 650 प्रमाणे 1,950. फिटिंगवाल्या मुलाचे 450. एकूण 9,780.

ताईंनी हिशेब केला आणि सांगितलं, "नऊ हजार सातशे ऐंशी होतील."

रेकॉर्डिंगवर सव्वा सेकंद शांतता. मग ताईच बोलल्या, "कापड चांगलं आहे हो, धुतल्यावर रंग जात नाही."

पुन्हा एक सेकंद. पुन्हा ताई, "तुम्हाला म्हणून सांगते, शिलाई अर्धी लावते."

तेव्हा त्या वहिनी म्हणाल्या, "नाही हो, मी विचार करत होते, बेडरूमला हाच रंग घ्यावा की वेगळा. शिलाई अर्धी लावताय का? बरं, चालेल मग."

बॅचमध्ये सगळे हसले, ताईसुद्धा हसल्या. पण मी फळ्यावर हिशेब मांडला तेव्हा हसू थांबलं. कापड ताईंना 330 ने पडतं, म्हणजे मीटरमागे 90, पंधरा मीटरचे 1,350. रॉड 520 ला पडतो, तीन रॉडमागे 390. शिलाई स्वतः करतात, ते 1,080. फिटिंगचे पैसे त्या मुलाकडे जातात. म्हणजे ताईंच्या हातात येणार होते 2,820. त्यातले 540 गेले. गिऱ्हाइकाला वाटलं साडेपाच टक्के सूट मिळाली. ताईंच्या कमाईतला मात्र जवळजवळ पाचवा हिस्सा गेला, तोही न मागता, दोन सेकंदांच्या शांततेला घाबरून.

आणि एक नुकसान हिशेबात दिसत नाही. न मागता भाव उतरला की गिऱ्हाइकाच्या मनात येतं, पहिला आकडा फुगवलेला होता. पुढच्या वेळी त्या वहिनी शिलाई अर्धीच धरून चालतील, आणि ओळखीच्या बाईलाही तेच सांगतील.

शांतता कोणाची आहे ते ओळखा

संभाषणाचा अभ्यास करणाऱ्यांनी 1974 सालीच एक फार उपयोगी गोष्ट सांगून ठेवली आहे. हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन अशी त्यांची नावं. मुद्दा साधा आहे. शांतता किती लांब आहे यापेक्षा ती कुठे पडली आणि बोलायची पाळी कोणाची होती, यावर तिचा अर्थ ठरतो.

तुम्ही भाव सांगितलात, आता पाळी गिऱ्हाइकाची. इथली शांतता त्याची आहे. तुम्ही तोंड उघडलंत तर त्याची पाळी हिसकावून घेतलीत. त्याच्या डोक्यातला हिशेबही मोडला, तो पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

गिऱ्हाईक बोलता बोलता मध्येच थांबलं, "तसं रंग बरा आहे, पण..." आणि पुढे काही नाही. हीसुद्धा त्याचीच शांतता, आणि माझ्या मते दुकानातली सगळ्यात मौल्यवान. त्या "पण" नंतर खरी अडचण येणार असते. पैसे नाहीत, की सासूबाईंना आवडणार नाही, की ऑनलाइन स्वस्त बघितलंय. आपण घाईने "पण काय, भाव जास्त वाटतोय का?" म्हटलं की अडचण आपणच त्याच्या हातात ठेवली. त्याला रंगाबद्दल बोलायचं असेल तरी आता तो भावावरच येणार.

तिसरी जागा. गिऱ्हाइकाने तुम्हाला विचारलं, "हे धुतल्यावर आटतं का?" आणि तुम्ही गप्प. ही शांतता तुमची. इथे तो 2006 चा प्रयोग तुमच्यावर उलटतो. "नाही आटत" हे खरंच असलं तरी आधी सेकंदभर थांबलात तर ते खोटं वाटू लागतं. माहिती नसेल तर लगेच तसं म्हणा, "थांबा, बिलावर बघून सांगतो." बघायला मग मिनिटभर लागलं तरी चालतं, कारण आता शांततेचं कारण गिऱ्हाइकाला माहीत आहे. वॉरंटी, परत घेण्याची अट, डिलिव्हरीची तारीख या प्रश्नांना हे सगळ्यात जास्त लागू होतं.

मग किती थांबायचं आणि त्या वेळात करायचं काय

बॅचमध्ये मी सांगतो, भाव सांगितल्यावर मनात "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन" म्हणा. प्रत्येक आकड्याला साधारण सेकंद लागतो. तीनपर्यंत काही झालं तरी बोलायचं नाही.

तीनच का? दोन ठिकाणांहून हा आकडा येतो. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक होत्या. त्यांनी 1970 च्या दशकात वर्गातली रेकॉर्डिंग तपासली. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबायचे, मग स्वतःच बोलायचे किंवा दुसऱ्या मुलाला विचारायचे. हाच वेळ तीन सेकंद केला, तर मुलांची उत्तरं लांब आणि विचार केलेली येऊ लागली, आणि उत्तरच न येण्याचं प्रमाण घटलं. दुसरं काम वाटाघाटींवरचं, 2021 चं, जॅरेड कर्हान आणि सहकाऱ्यांचं. त्यांनीही तीन सेकंद किंवा जास्त शांतता मोजली. अशा शांततेनंतर वाटाघाटीत दोघांचाही फायदा होईल असा मार्ग निघायची शक्यता वाढत होती. कारण त्यांनी असं दिलंय, की गप्प राहणारा माणूस स्वतः शांत डोक्याने विचार करू लागतो.

हे शेवटचं नीट वाचा. सेल्सच्या ट्रेनिंगमध्ये एक जुनं वाक्य फिरतं, की भाव सांगितल्यावर जो आधी बोलेल तो हरला. मला ते पटत नाही. त्यात शांतता म्हणजे समोरच्यावर टाकलेलं वजन असं धरलंय. एकदाच येणाऱ्या गिऱ्हाइकावर ते कदाचित चालेल, पण आपल्या पेठेत तीच माणसं वर्षानुवर्षं येतात. रोखून बघत गप्प बसणारा दुकानदार त्यांच्या लक्षात राहतो, आणि चांगल्या कारणासाठी नाही. आपण गप्प राहायचं ते त्याला हिशेबाला जागा द्यायला, आणि आपली जीभ घाईने सूट देऊन बसू नये म्हणून.

दोन्हींतला फरक दिसतो तो डोळ्यांत आणि हातांत. भाव सांगून गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे टक लावून बसलात तर तीन सेकंदही दहा वाटतात. म्हणून हाताला काम द्या. हिशेबाचा कागद त्याच्याकडे फिरवून ठेवा, नमुन्याच्या कापडाची घडी करा, टेप गुंडाळा. तुमची नजर कामावर गेली की त्याला बायकोकडे बघायला मोकळीक मिळते. कागदाचा आणखी एक फायदा आहे. सगळे आकडे लक्षात ठेवायची गरज उरत नाही, त्यामुळे तो "जास्त आहे" या एका शब्दावर न येता एखाद्या ओळीवर बोट ठेवतो.

ताईंनी पुढच्या घरी हेच केलं. दोन खिडक्या, चार पडदे. दहा मीटर कापडाचे 4,200, शिलाई 720, दोन रॉडचे 1,300, फिटिंग 300. एकूण 6,520. आकडा सांगितला, कागद पुढे सरकवला आणि नमुने पिशवीत भरायला लागल्या. रेकॉर्डिंगवर जवळजवळ सहा सेकंद फक्त पिशवीचा आवाज आहे. मग गिऱ्हाईक म्हणालं, "रॉड आमच्याकडे जुने आहेत, ते चालतील का?"

ताईंनी रॉड बघितले, चालणारे होते. 1,300 वजा होऊन 5,220 वर काम ठरलं. ताईंचे रॉडमागचे 260 गेले, पण शिलाई आणि कापडाचा भाव जागच्या जागी राहिला. गिऱ्हाइकाचा खर्च तेराशेने कमी झाला आणि भाव फुगवलेला होता असंही कोणाला वाटलं नाही. ही वाट गिऱ्हाइकानेच शोधली, ती त्या सहा सेकंदांत.

हिशेबाची शांतता की नकाराची?

सगळ्या शांतता हिशेबाच्या नसतात, हेही खरं. त्याच ताईंच्या तिसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये गिऱ्हाईक पाच सेकंद गप्प होतं, मग "बरं, घरी विचारून कळवते" म्हणालं आणि कळवलं नाही. तिथे भाव खरंच त्यांच्या आवाक्याबाहेर होता. शांत राहून काही फरक पडणार नव्हता, आणि बोलूनही नाही.

ओळखायचं कसं? मी तरी माणूस वस्तूकडे आहे की वस्तूपासून सुटलाय, ते बघतो. हिशेब करणाऱ्याचा हात कापडावरच असतो, किंवा तो कागदावर, छताकडे, खिडकीकडे बघतो. ओठ हलतात, बोटं मोजतात. नकाराकडे निघालेला माणूस कापड खाली ठेवतो, मोबाइल काढतो, पर्स काखेला लावतो, पाय दाराकडे वळतात. "हं" कसं येतं तेही ऐका. आपण मराठी माणसं ऐकताना सतत "हं, हं" करतो. लांबलेलं, वर जाणारं "हंऽऽ" असेल तर बहुतेक विचार चालू आहे. पटकन खाली पडलेलं "हं. बरं." आलं तर विषय संपत आलाय. ही माझ्या काउंटरवरची निरीक्षणं आहेत, तुमच्या धंद्यात थोडी वेगळी निघतील.

वस्तूपासून सुटलेल्या माणसासमोर शांतता ताणण्यात अर्थ नाही, उलट ती त्याला अवघडून टाकते. 2011 च्या एका डच प्रयोगात गटातल्या बोलण्याची चित्रफीत दाखवून, मध्ये फक्त चार सेकंदांची शांतता घातली होती. तेवढ्याने बघणाऱ्यांना आपण त्या गटात नकोसे आहोत असं वाटू लागलं. म्हणून तीन सेकंद झाले, हात वस्तूवरून निघाले, तर बोला. पण बोलताना सूट देऊ नका, प्रश्न विचारा. "साधारण कितीपर्यंत बसवायचं आहे?" किंवा "हलक्या कापडात दाखवू का?" भाव कमी करण्याऐवजी वस्तू बदलायची. 420 च्या ऐवजी 300 चं कापड दाखवलंत तर तुमची कमाई थोडी उतरेल, पण तुमच्या शब्दाची किंमत उतरणार नाही. आणि तेवढं विचारून झालं की पुन्हा गप्प. बरेच जण प्रश्न विचारतात आणि लगेच त्याचं उत्तरही स्वतःच देतात.

ओळखीनेही फरक पडतो. 2023 मधल्या एका अभ्यासात मित्रांच्या आणि अनोळखी लोकांच्या गप्पा मोजल्या. अनोळखी लोकांमध्ये लांब गॅप अवघड वाटत होते. मित्रांमध्ये तेच गॅप तसे वाटत नव्हते. दुकानात याचा अर्थ असा, की दहा वर्षं येणाऱ्या काकांसमोर तुम्ही मिनिटभर गप्प राहून वही चाळलीत तरी चालतं. पहिल्यांदा आलेल्या माणसाला मात्र शांततेचं कारण दिसलं पाहिजे. "निवांत बघा, मी तोवर हे आवरतो" एवढं म्हटलं की पुढची शांतता मोकळी होते. बघा, शांतता तेवढीच, पण तिला नाव दिलं.

फोनवर हे सगळं जपून

समोरासमोर हात, डोळे, कापड दिसतं. फोनवर फक्त आवाज. "हं" थांबलं की आपण लगेच "ऐकू येतंय ना?" विचारतो, कारण लाइन कट झालीय की माणूस गप्प आहे हेच कळत नाही. त्यात इंटरनेट कॉलवर आवाज उशिरा पोहोचतो. जर्मनीत 2014 मध्ये झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की लाइनमध्ये उशीर घातला तर लोक दोष लाइनला देत नाहीत, समोरच्या माणसाचं लक्ष नाही असं समजतात. म्हणजे तुमचा अर्धा सेकंद आणि नेटवर्कचा अर्धा सेकंद मिळून गिऱ्हाइकाला तुम्ही कचरताय असं वाटू शकतं, आणि तुम्हाला तो.

म्हणून फोनवर भाव सांगताना शांततेला आधीच नाव द्या. "आकडा सांगतो, लिहून घ्या, मी लाइनवर आहे." मग आकडा, आणि मग गप्प. त्याहून बरं म्हणजे हिशेब आधी व्हॉट्सॲपवर पाठवायचा आणि तो उघडून बघितल्यावर फोनवर बोलायचं. निळी टिक आली आणि दोन तास उत्तर नाही, ही मात्र वेगळी शांतता. तिथे सेकंदांचं कुठलंच माप चालत नाही, तो माणूस गाडी चालवत असेल किंवा जेवत असेल. त्याच दिवशी "भाव जास्त वाटला का?" असा मेसेज टाकलात तर तीच ताईंची अर्धी शिलाई झाली. मी दुसऱ्या दिवशी सकाळी एकच ओळ पाठवतो, "काल हिशेब पाठवला होता, मापात किंवा कापडात काही बदल हवा असेल तर सांगा."

एका प्रसंगात मात्र तीन सेकंदही थांबू नका. कोणी तक्रार घेऊन आलं, "तुमच्या पडद्याचा रंग गेला," आणि बोलून थांबलं, तर पाळी तुमची आहे आणि ते तुमच्याकडे बघतायत. इथे गप्प राहणं म्हणजे चूक कबूल नाही, किंवा पर्वा नाही, असंच वाचलं जातं. आधी आवाज द्या, "दाखवा बघू, कुठे गेलाय?" कापड हातात घ्या. मग हवं तेवढा वेळ गप्प राहून उजेडात धरून तपासा. उधारी मागणाऱ्यालाही तसंच. द्यायची नसेल तर लगेच आणि नीट शब्दांत सांगा. आढेवेढे घेत थांबलात तर तो अर्धा होकार समजतो, आणि पुढच्या आठवड्यात "तुम्ही तर नाही म्हणाला नव्हता" म्हणून परत उभा राहतो.

या आठवड्यात करून बघायचं असेल तर पाच गिऱ्हाइकांना भाव सांगताना मनातल्या मनात मोजा. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारून करा. किती सेकंदांनी पहिला शब्द आला, आणि तो शब्द काय होता, एवढंच वहीत लिहा. पहिला शब्द कोणाचा होता तेही लिहा. माझ्या बॅचमध्ये पहिल्या दिवशी बहुतेकांच्या वहीत तिथे स्वतःचंच नाव असतं.